गोषवाऱ्याची काटछाट: पद्धत आणि निष्कर्ष राखून

प्रबंधाचा गोषवारा एकटा वाचला तरी पूर्ण समजला पाहिजे. संशोधनाचा प्रश्न कोणता होता, तो कसा तपासला, काय आढळले आणि त्यावरून काय म्हणता येते, या चार गोष्टी वाचकाला त्यात सापडाव्या लागतात. बहुतेक वाचक प्रबंध उघडतच नाहीत. ते ग्रंथालयाच्या सूचीत किंवा शोधगंगेसारख्या भांडारात गोषवारा वाचतात आणि पुढे जायचे की नाही ते ठरवतात. यूजीसीच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणे बंधनकारक केले. तेव्हापासून भारतीय विद्यापीठांतील प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा भांडारात जमा होत आहेत. पूर्वी कपाटात राहणारा प्रबंध त्यामुळे कुणालाही शोधता येऊ लागला आणि त्याचे पहिले पान म्हणजे गोषवारा झाला.

या पानाला जवळजवळ सर्वत्र शब्दमर्यादा असते. सारलेखनाबद्दलच्या आयएसओ २१४ या १९७६ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने लेखासाठी २५० पेक्षा कमी आणि प्रबंध किंवा अहवालासाठी ५०० पेक्षा कमी शब्द पुरेसे मानले. केंब्रिज विद्यापीठ पीएच.डी. प्रबंधाच्या गोषवाऱ्याला ३०० शब्द देते. अमेरिकेतील छापील प्रबंधसूचीत डॉक्टरेटसाठी ३५० आणि पदव्युत्तर प्रबंधासाठी १५० शब्दांची मर्यादा दीर्घकाळ होती. परिषदांच्या अर्जांत तर १५० शब्दांची चौकट नेहमीची आहे आणि ऑनलाइन अर्जात मर्यादेबाहेरचा मजकूर बसतच नाही.

मोठा गोषवारा या चौकटीत बसवताना बहुतेक संशोधक प्रत्येक परिच्छेदातून थोडे थोडे शब्द काढतात. विशेषणे जातात, एखादे उदाहरण जाते, दोन वाक्ये जोडली जातात. शब्द कमी होतात, पण मूळची विषमता तशीच राहते. प्रस्तावनेने चाळीस टक्के जागा व्यापली असेल तर छोट्या गोषवाऱ्यातही ती चाळीस टक्केच व्यापते, आणि आधीच त्रोटक असलेला निष्कर्ष आणखी त्रोटक होतो. म्हणून काटछाटीचा क्रम उलटा हवा. काय काढायचे हे ठरवण्याआधी काय राहिलेच पाहिजे हे ठरवावे लागते.

एक पसरट गोषवारा

समजावून सांगण्यासाठी शिक्षणशास्त्रातील एका काल्पनिक प्रबंधाचा गोषवारा घेऊ. त्यातील शाळा, विद्यार्थी आणि आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. शब्दमर्यादा १५० आहे. संशोधकाने लिहिलेला मसुदा असा:

"आजच्या जागतिकीकरणाच्या आणि माहिती तंत्रज्ञानाच्या युगामध्ये शिक्षणाला अनन्यसाधारण असे महत्त्व प्राप्त झालेले आहे. वाचन ही शिक्षणाची गुरुकिल्ली असून वाचनाशिवाय कोणत्याही विषयाचे ज्ञान मिळविणे शक्य होत नाही, असे अनेक शिक्षणतज्ज्ञांनी वेळोवेळी प्रतिपादन केलेले आहे. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत विचार केला असता, त्यांना अक्षरओळख असली तरी वाचलेल्या मजकुराचे आकलन होत नाही, असे चित्र सर्वत्र दिसून येते. ही बाब विचारात घेऊन प्रस्तुत संशोधकाने सदर विषयाची निवड केलेली आहे.

"प्रस्तुत शोधप्रबंधाची एकूण पाच प्रकरणांमध्ये विभागणी करण्यात आलेली आहे. पहिल्या प्रकरणामध्ये विषयाची प्रस्तावना, दुसऱ्या प्रकरणामध्ये संबंधित साहित्याचा आढावा, तिसऱ्या प्रकरणामध्ये संशोधन पद्धती, चौथ्या प्रकरणामध्ये माहितीचे विश्लेषण आणि पाचव्या प्रकरणामध्ये निष्कर्ष व शिफारशी मांडण्यात आलेल्या आहेत.

"संशोधनासाठी प्रायोगिक पद्धतीचा अवलंब करण्यात आला. यासाठी एका तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या १२ शाळांमधील इयत्ता चौथीमध्ये शिकणाऱ्या एकूण ३०४ विद्यार्थ्यांची नमुना म्हणून निवड करण्यात आली. त्यापैकी सहा शाळांचा प्रायोगिक गट व सहा शाळांचा नियंत्रित गट चिठ्ठ्या टाकून तयार करण्यात आला. प्रायोगिक गटातील विद्यार्थ्यांकडून १६ आठवडे दररोज २० मिनिटे जोडीवाचन करून घेण्यात आले, तर नियंत्रित गटाला नेहमीच्या पद्धतीने शिकविण्यात आले. पूर्वचाचणी व उत्तरचाचणीसाठी संशोधकाने स्वतः तयार केलेल्या ३० गुणांच्या आकलन चाचणीचा उपयोग करण्यात आला. मिळालेल्या माहितीचे शाळानिहाय मध्यमान, प्रमाण विचलन, टी मूल्य इत्यादी संख्याशास्त्रीय तंत्रांच्या साहाय्याने विश्लेषण करण्यात आले.

"संशोधनाअंती असे दिसून आले की, दोन्ही गटांच्या उत्तरचाचणीतील गुणांमध्ये ०.०५ स्तरावर सार्थक फरक आहे. त्यामुळे शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात आला. यावरून जोडीवाचनाचा विद्यार्थ्यांच्या वाचन आकलनावर अनुकूल परिणाम होतो, असा निष्कर्ष निघतो. प्रबंधाच्या शेवटी शिक्षक, पालक, मुख्याध्यापक आणि शासन यांच्यासाठी उपयुक्त शिफारशी करण्यात आलेल्या असून पुढील संशोधनासाठी विषयही सुचविण्यात आलेले आहेत. प्रस्तुत संशोधन सर्व संबंधितांना निश्चितच मार्गदर्शक ठरेल, अशी आशा आहे."

हा मसुदा २४७ शब्दांचा आहे. व्याकरण ठीक आहे, भाषा औपचारिक आहे आणि विद्यापीठात असे गोषवारे नेहमी मान्य होतात. तरी वाचून संपल्यावर एक साधा प्रश्न उरतो. मुलांना किती जास्त गुण मिळाले? २४७ शब्दांत त्याचे उत्तर नाही.

कोणते वाक्य काय काम करते

काटछाटीची पहिली पायरी म्हणजे प्रत्येक वाक्यासमोर समासात त्याचे काम लिहिणे. पार्श्वभूमी, प्रश्न, पद्धत, निष्कर्ष, अर्थ किंवा मर्यादा, आणि यांपैकी काहीच नाही, असे सहा शेरे पुरतात. मग प्रत्येक शेऱ्याखालचे शब्द मोजायचे.

वरच्या मसुद्यात पार्श्वभूमीचा परिच्छेद ६५ शब्दांचा आणि प्रकरणांची यादी ३५ शब्दांची आहे, म्हणजे पहिले १०० शब्द संशोधनाला स्पर्शच करत नाहीत. पद्धतीला ८७ शब्द मिळाले आहेत. निष्कर्षाला ३१, म्हणजे एकूण मजकुराचा आठवा भाग. शिफारशी आणि आशा यांना २९. संशोधनाचा प्रश्न कुठेच विचारलेला नाही. 'सदर विषयाची निवड केली' असे म्हटले आहे, पण विषय काय हे तिसऱ्या परिच्छेदात जोडीवाचनाचा उल्लेख येईपर्यंत कळत नाही. मर्यादांचा उल्लेखही नाही.

ही विभागणी कशी होते तेही यावरून दिसते. गोषवारा बहुधा प्रबंध पूर्ण झाल्यावर घाईत लिहिला जातो. संशोधक पहिल्या प्रकरणापासून पाने उलटत एकेक वाक्य उचलतो. प्रस्तावना पहिली येते म्हणून तिची वाक्ये सर्वांत जास्त उचलली जातात, आणि चौथ्या प्रकरणातल्या कोष्टकांपर्यंत पोहोचेपर्यंत जागा संपत आलेली असते. कोष्टकाचे वाक्य करायला कष्टही पडतात. म्हणून तिथे 'सार्थक फरक आढळला' एवढ्यावर भागवले जाते.

आयएसओ २१४ सारांशाचे दोन प्रकार वेगळे करते. एक प्रकार लेखनात कशाकशाची चर्चा आहे ते सांगतो. त्याला सूचक सारांश म्हणता येईल. दुसरा त्या लेखनातील प्रत्यक्ष माहिती देतो. प्रायोगिक किंवा सर्वेक्षणावर आधारलेल्या प्रबंधाला हा दुसरा, माहितीपर प्रकार लागतो. 'विश्लेषण करण्यात आले', 'शिफारशी करण्यात आलेल्या आहेत', 'आढावा घेतला आहे' ही सूचक वाक्ये आहेत. अशा प्रत्येक वाक्याला 'मग काय निघाले?' असे विचारावे. उत्तर प्रबंधात असेल तर ते उत्तर वाक्याच्या जागी यावे. उत्तर नसेल तर वाक्य काढावे.

काय राहिलेच पाहिजे

दुसऱ्या पायरीत जुना मसुदा बाजूला ठेवायचा आणि प्रबंधाचे तिसरे व चौथे प्रकरण उघडायचे. हे महत्त्वाचे आहे, कारण जी माहिती जुन्या गोषवाऱ्यात आलीच नाही ती त्याची काटछाट करून मिळणार नाही.

पद्धतीचा कणा सहा प्रश्नांत मावतो. अभ्यास कुणाचा केला आणि ते किती होते? त्यांची निवड किंवा गटवाटप कसे झाले? त्यांच्यावर नेमके काय केले? किती काळ? मोजमाप कशाने केले? आणि तुलना कशाची कशाशी केली? आपल्या उदाहरणात तिसऱ्या प्रकरणातून ही उत्तरे मिळतात: एका तालुक्यातील १२ शाळांचे चौथीतील ३०४ विद्यार्थी, शाळांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट, रोज २० मिनिटे जोडीवाचन, १६ आठवडे, संशोधकाने तयार केलेली ३० गुणांची चाचणी, आणि शाळानिहाय सरासरी वाढीची तुलना.

यातील शेवटचा तपशील नवख्या संशोधकाला किरकोळ वाटतो आणि तो सहज कापला जातो. परंतु चिठ्ठ्या शाळांच्या टाकल्या होत्या, मुलांच्या नाही. एका वर्गातील मुले एकाच शिक्षकाकडे शिकतात, त्यामुळे त्यांचे गुण एकमेकांपासून स्वतंत्र धरता येत नाहीत. विश्लेषण शाळेला एकक धरून केले असेल तर परीक्षकाचा पहिला आक्षेप तिथेच मिटतो. 'शाळानिहाय' हा एक शब्द त्यासाठी पुरतो. 'मध्यमान, प्रमाण विचलन, टी मूल्य इत्यादी' या यादीतून मात्र वाचकाला काहीच नवे कळत नाही, कारण अशा बहुतेक प्रयोगांत ही साधने वापरतातच.

निष्कर्षासाठीही अशीच यादी करावी लागते. फरक कोणत्या दिशेला होता, किती होता, कोणत्या मापात होता आणि तो योगायोगाने आलेला असण्याची शक्यता कितपत आहे, या चार गोष्टी लागतात. 'सार्थक फरक आहे' यातून फक्त चौथी कळते. नियंत्रित गट पुढे होता की प्रायोगिक, हेसुद्धा त्या वाक्यात नाही. नमुना मोठा असेल तर अर्ध्या गुणाचा फरकही सार्थक ठरू शकतो. म्हणून फरकाचा आकडा दिल्याशिवाय त्या शब्दावरून निष्कर्षाचे वजन कळत नाही.

चौथ्या प्रकरणातील कोष्टकांत आपल्या उदाहरणापुरते असे आढळते. प्रायोगिक गटाची सरासरी ११.२ वरून १८.१ झाली, तर नियंत्रित गटाची ११.० वरून १४.३. म्हणजे वाढ अनुक्रमे ६.९ आणि ३.३ गुणांची, आणि फरक ३.६ गुणांचा. चाचणीत दोन प्रकारचे प्रश्न होते. काहींचे उत्तर मजकुरात थेट सापडत होते, काहींना मजकुरावरून अनुमान काढावे लागत होते. पहिल्या प्रकारात गटांच्या वाढीतील फरक ३.३ गुणांचा होता. दुसऱ्यात तो फक्त ०.३ गुणांचा होता आणि सार्थक नव्हता. या प्रबंधातील सर्वांत उपयोगी माहिती हीच आहे, आणि मूळ गोषवाऱ्यात ती नव्हती.

शब्दांचे अंदाजपत्रक

यादी तयार झाली की १५० शब्दांची आधीच वाटणी करावी. प्रयोग किंवा सर्वेक्षणाच्या प्रबंधासाठी पार्श्वभूमी आणि प्रश्न मिळून ३०, पद्धत ५०, निष्कर्ष ५०, अर्थ आणि मर्यादा २० ही वाटणी साधारण जमते. ती पक्की नाही. ज्या प्रबंधात नवी पद्धत हेच योगदान आहे तिथे पद्धतीला जास्त जागा द्यावी लागते. पण वाटणी लिहून ठेवली की प्रस्तावना वाढत चालली आहे हे लगेच दिसते.

या अंदाजपत्रकाने मोठे निर्णय आपोआप होतात. जागतिकीकरणाचे वाक्य शिक्षणातील कोणत्याही प्रबंधाला लावता येईल, म्हणून ते जाते. 'अनेक शिक्षणतज्ज्ञांनी' हेही जाते, कारण गोषवाऱ्यात संदर्भ देत नाहीत आणि नाव नसलेला आधार कुणाला तपासता येत नाही. ग्रामीण मुलांविषयीच्या वाक्यात संशोधनाची खरी गरज आहे, ते लहान होऊन राहते. मात्र 'असे चित्र सर्वत्र दिसून येते' हे प्रबंधाने सिद्ध केलेले नाही. तिथे 'अनेक मुलांना' एवढेच म्हणता येते. प्रकरणांची यादी पूर्ण जाते, ती अनुक्रमणिकेत आहेच. शिफारशींचे वाक्य जाते, कारण कोणती शिफारस केली हे ते सांगत नाही. शेवटची आशाही जाते. अशा रीतीने सव्वाशेच्या आसपास शब्द निघून जातात आणि एकही तथ्य हरवत नाही.

वाक्यांची बांधणी

मोठी काटछाट झाल्यावरच शब्दांकडे वळायचे. मराठी संशोधनलेखनात शब्द सर्वांत जास्त खाणारी रचना म्हणजे 'करण्यात आले'. वरच्या मसुद्यात पद्धतीच्या सहा वाक्यांत 'करण्यात', 'घेण्यात', 'शिकविण्यात' अशा सात रचना आहेत. 'मी' टाळायचा म्हणून लोक ही रचना वापरतात, पण मराठीत त्यासाठी तिची गरज नाही. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालते, त्यामुळे कर्ता न सांगताही वाक्य पूर्ण वाटते. 'शाळा दोन गटांत विभागल्या', 'चाचणी घेतली', 'सरासरीची तुलना केली' ही वाक्ये औपचारिकही आहेत आणि लहानही.

दुसरी रचना म्हणजे नाम आणि पोकळ क्रियापद यांची जोडी. 'पद्धतीचा अवलंब केला', 'चाचणीचा उपयोग केला', 'नमुना म्हणून निवड केली', 'परिकल्पनेचा त्याग केला'. यांतील खरी क्रिया नामात अडकलेली असते. ती बाहेर काढली की 'चाचणी घेतली', 'निवडले' असे थेट वाक्य होते. 'प्रायोगिक पद्धतीचा अवलंब करण्यात आला' हे वाक्य तर पूर्ण काढता येते. दोन गट चिठ्ठ्या टाकून केले आणि एकाला जोडीवाचन दिले, असे सांगितले की तो प्रयोग होता हे कळतेच.

तिसरा भार भराऊ शब्दांचा आहे. 'प्रस्तुत', 'सदर', 'एकूण', 'संशोधनाअंती असे दिसून आले की', 'च्या बाबतीत विचार केला असता', 'या दृष्टीने'. हे शब्द गेले तरी अर्थ बदलत नाही, आणि हीच त्यांची परीक्षा आहे. वाक्य शब्दासह आणि शब्दाविना वाचावे. वाचकाला कळलेली माहिती तीच राहत असेल तर शब्द जाऊ द्यावा.

ही परीक्षा दोन्ही बाजूंनी लावावी लागते, कारण काही छोटे शब्द काढले तर तथ्य बदलते. 'एकाच तालुक्यातील' यातील 'एकाच', 'संशोधकनिर्मित', 'सरासरी', 'वाढीतील' आणि सर्व नकार या वर्गात येतात. 'संशोधकनिर्मित' काढला तर वाचक चाचणी प्रमाणित असल्याचे धरून चालतो. 'सरासरी' काढला तर प्रत्येक मुलाचे गुण वाढले असा समज होतो. मर्यादा गाठण्याच्या धडपडीत हेच शब्द पहिले बळी पडतात, कारण ते लहान असतात आणि वाक्य त्यांच्याविना सुरळीत वाटते.

जागा वाचवण्याच्या काही युक्त्या टाळाव्यात. मायक्रोसॉफ्ट वर्ड रिकाम्या जागांवरून शब्द मोजते, म्हणून काहीजण चार शब्द संयोगचिन्हांनी जोडून एक करतात किंवा विभक्तीसारखी अव्यये आकड्यांना चिकटवतात. मोजणी कमी होते पण वाचन अवघड होते आणि तपासणाऱ्याच्या ते लक्षात येते. स्वतःच तयार केलेली लघुरूपेही तशीच. 'प्रायोगिक गट' हा शब्दप्रयोग दोनदाच येणार असेल तर त्याचे 'प्र. ग.' करून एकही शब्द वाचत नाही, उलट वाचकाला ते लक्षात ठेवावे लागते.

तयार झालेला गोषवारा

या पायऱ्यांनंतर उदाहरणातील गोषवारा असा होतो:

"ग्रामीण प्राथमिक शाळांतील अनेक मुलांना अक्षरे वाचता येतात, पण मजकूर समजत नाही. रोजच्या जोडीवाचनाने चौथीच्या विद्यार्थ्यांचे वाचन आकलन सुधारते का, हे या प्रबंधात तपासले आहे. एका तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या १२ शाळा चिठ्ठ्या टाकून दोन समान गटांत विभागल्या (३०४ विद्यार्थी). प्रायोगिक गटाने १६ आठवडे रोज २० मिनिटे जोडीवाचन केले; नियंत्रित गटाचे नेहमीचे अध्यापन चालू राहिले. दोन्ही गटांची ३० गुणांची, संशोधकनिर्मित आकलन चाचणी आधी व नंतर घेतली आणि शाळानिहाय सरासरी वाढीची टी परीक्षिकेने तुलना केली. प्रायोगिक गटाची सरासरी ११.२ वरून १८.१ झाली, नियंत्रित गटाची ११.० वरून १४.३, वाढीतील ३.६ गुणांचा फरक ०.०५ स्तरावर सार्थक होता. मजकुरात थेट उत्तर असलेल्या प्रश्नांत हा फरक ३.३ गुणांचा होता; अनुमानाच्या प्रश्नांत तो ०.३ गुणांचा असून सार्थक नव्हता. जोडीवाचनाने थेट आकलन वाढले. अनुमानक्षमता वाढल्याचे आढळले नाही. प्रयोग एकाच तालुक्यापुरता होता व परिणाम किती टिकतो हे तपासलेले नाही."

हे १३० शब्द आहेत. पार्श्वभूमी आणि प्रश्न २५, पद्धत ४८, निष्कर्ष ३८, अर्थ आणि मर्यादा १९. मूळ मसुद्यापेक्षा गोषवारा जवळजवळ निम्मा झाला, पण निष्कर्षाचे शब्द ३१ वरून ३८ झाले आणि सरासरी व फरकाचे सर्व आकडे नव्याने आले. पद्धतीची एकही महत्त्वाची बाब गेली नाही. उरलेले वीस शब्द भरलेच पाहिजेत असे नाही. चौथ्या प्रकरणात फरकाचे विश्वास अंतराल काढलेले असेल तर त्यातले काही शब्द त्याला द्यावेत, म्हणजे ३.६ हा आकडा कितपत नेमका आहे हेही वाचकाला कळेल.

बिघाड कुठे होतो आणि तो कसा ओळखावा

आटोपशीर गोषवाऱ्यातला पहिला धोका आकड्यांचा आहे. १९९९ मध्ये रॉय पिटकिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या 'जामा' या नियतकालिकात नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतील सारांशांची तपासणी प्रसिद्ध केली. सारांशातील माहिती मूळ लेखाशी जुळत नाही किंवा लेखात सापडतच नाही, असे प्रमाण वेगवेगळ्या नियतकालिकांत १८ ते ६८ टक्के होते. लेख सुधारताना आकडे बदलतात आणि सारांश जुनाच राहतो, हे त्याचे एक नेहमीचे कारण असते. यावर उपाय यांत्रिक आहे. गोषवाऱ्यातील प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि तो प्रबंधाच्या कोणत्या पानावर, कोणत्या कोष्टकात आहे ते शेजारी लिहावे. ज्याला पान सापडत नाही तो आकडा गोषवाऱ्यात राहू नये. वजाबाक्याही पुन्हा कराव्यात. इथे १८.१ मधून ११.२ गेले की ६.९ उरतात, १४.३ मधून ११.० गेले की ३.३, आणि या दोहोंतील फरक ३.६ येतो.

दुसरा धोका झुकत्या मापाचा आहे. इझाबेल बुत्रों आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'जामा'मध्येच ७२ वैद्यकीय चाचण्यांच्या अहवालांचा अभ्यास मांडला. या सर्वांत मुख्य परिणाम सांख्यिकीदृष्ट्या सार्थक नव्हता. तरी ४२ सारांशांच्या निष्कर्षात उपचार लाभदायक वाटेल अशी मांडणी होती. शब्द कमी असतात तेव्हा प्रतिकूल परिणाम वगळण्याचा मोह वाढतो. आपल्या उदाहरणात अनुमानाच्या प्रश्नांचे वाक्य काढले असते तर १८ शब्द वाचले असते आणि निष्कर्ष अधिक जोरकस दिसला असता. पण तो गोषवारा वाचून जोडीवाचन सुरू करणाऱ्या शाळेने त्याच्याकडून अनुमानक्षमतेचीही अपेक्षा धरली असती. म्हणून पद्धतीत जे जे मोजले असे सांगितले, त्या प्रत्येकाचे उत्तर निष्कर्षात आले आहे का, हे पाहावे.

तिसरी तपासणी दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावी. विषयाबाहेरच्या पण पदवीधर वाचकाला गोषवारा एकदा वाचायला द्यावा, कागद परत घ्यावा आणि पाच प्रश्न विचारावेत. प्रश्न काय होता? कुणावर तपासला? काय केले? किती फरक पडला? हे कुठे लागू होत नाही? ज्या प्रश्नावर तो अडखळतो तिथे गोषवारा अजून कच्चा आहे. मार्गदर्शकाला प्रबंध पाठ असतो, त्याच्या वाचनात ही उणीव उघडी पडत नाही.

ही रीत कुठवर चालते

साहित्य, इतिहास किंवा तत्त्वज्ञानाच्या प्रबंधात नियंत्रित गट आणि गुण नसतात, तरी पद्धत आणि निष्कर्ष असतात. तिथे पद्धत म्हणजे कोणत्या कालखंडातील किती कथा, कागदपत्रे किंवा मुलाखती घेतल्या, त्या कशा निवडल्या आणि कोणत्या दृष्टीने वाचल्या. निष्कर्ष म्हणजे कुणीतरी असहमत होऊ शकेल असे विधान. 'स्त्री-व्यक्तिरेखांची चिकित्सा केली आहे' हे विधान कुणी खोडू शकत नाही, म्हणून तो निष्कर्ष नाही. त्या चिकित्सेतून काय ठरले हे सांगितले की तो होतो. मुलाखतींवर आधारलेल्या प्रबंधात आकडे थोडे असतात, पण किती जणांशी बोलले आणि त्यांना कसे शोधले हे तिथेही लागतेच.

मराठी प्रबंधाला बहुतेक ठिकाणी इंग्रजी गोषवाराही जोडावा लागतो, आणि मर्यादा दोन्हींना एकच असते. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून येतात, इंग्रजीत त्यांच्या जागी स्वतंत्र शब्द येतात. त्यामुळे १३० शब्दांचा मराठी गोषवारा इंग्रजीत गेला की सहज १५० ओलांडतो. तेव्हा भाषांतरातून शब्द उपटण्याऐवजी पुन्हा त्याच यादीकडे जावे लागते. राखायच्या गोष्टी दोन्ही भाषांत एकच असतात. इंग्रजी आवृत्तीत जागा कमी पडली तर पहिले पार्श्वभूमीचे वाक्य जाते, पद्धत आणि आकडे राहतात. शेवटी दोन्ही गोषवारे शेजारी ठेवून प्रत्येक आकडा आणि प्रत्येक नकार जुळतो का ते पाहिले की काम पूर्ण होते.